कथा : काचेचा मळ

मृण्मयी_माहीम

ही कथा देवरुखात घडते. मी माहीमला राहते, पण आजोळ त्या बाजूचे असल्याने दुकान डोळ्यांसमोर होते. भाषेबद्दल जरूर लिहा, पण मला मुख्यतः हे विचारायचे आहे की मुलीने केलेली परीक्षा तुम्हाला पटते का.

शाळेत जाण्यापूर्वी काउंटरची काच पुसणे आणि संध्याकाळी मालावरच्या तारखा तपासणे ही दोन कामे कस्तुरीकडे होती. दहावीचे वर्ष असल्यामुळे आईने तिला दुकानातून सूट द्यावी असे सुचवले होते, पण बाबांना बारीक अक्षर वाचवत नसे आणि बिस्किटाच्या पुड्यापासून केसांच्या तेलापर्यंत प्रत्येक वस्तूवर तारीख, बॅच नंबर आणि पत्ता कुठे दडलेला असतो हे घरात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

शनिवारी दुपारी एक विक्रेता आला. त्याने आधी मोबाइलवर जाहिरात दाखवली. तीत एका मुलीच्या गालावर राखाडी रंगाचे क्रीम चोळले जात होते, बोटांखाली काळ्या सुरळ्या जमत होत्या आणि खाली अक्षरे येत होती : ‘वर्षानुवर्षांचा मळ एका मिनिटात बाहेर, सात दिवसांत त्वचा उजळ.’ साबण घ्यायला आलेल्या साळवी काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या मनगटावर त्याने थोडे क्रीम लावले, गोल गोल चोळले, आणि खरोखरच काळे कण गळू लागले. काकूंनी ओशाळून हात मागे घेतला. सकाळीच आंघोळ केली होती, असे त्या दोनदा म्हणाल्या.

“बघा शेठ, साबणाने निघत नाही ते हे काढते,” विक्रेता म्हणाला. “छापील किंमत दोनशे नव्व्याण्णव, तुम्हाला एकशे वीसला. चोवीस नग घेतलेत तर स्टँड फुकट.”

बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला, हे कस्तुरीला त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून कळले. अठ्ठावीसशे ऐंशी रुपये गुंतवायचे आणि चार हजार दोनशे शहाण्णव सुटायचे. साबणाच्या वडीवर इतके सुटायला किती महिने लागतात, हे तिलाही ठाऊक होते.

काकूंच्या मनगटावरून गळलेले कण काचेवर पडले होते. ते पुसताना तिच्या बोटाला ते रबरी लागले. मळ असा चिवट नसतो, तो फडक्याला धरतो. हे मात्र वळत होते, लांबत होते. तिने नमुन्याच्या ट्यूबमधून वाटाण्याएवढे क्रीम सकाळीच पुसलेल्या काचेवर घेतले आणि चोळले. काचेवरही तशाच काळ्या सुरळ्या जमल्या.

“काका, काचेलाही मळ असतो का?”

“धूळ असते बाळा. बाजारातले दुकान आहे हे.”

उत्तर अगदीच वावगे नव्हते, म्हणून ती गप्प राहिली. मग तिने काच साबणाने धुतली, कोरडी केली आणि त्याच जागी पुन्हा क्रीम चोळले. सुरळ्या पुन्हा तशाच जमल्या. तरीही न थांबता तिने काकूंना हात पुढे करायला सांगितला आणि मनगटाच्या त्याच ठिकाणी एकदा, दोनदा, तीनदा, चारदा क्रीम लावून प्रत्येक वेळचे कण वर्तमानपत्राच्या तुकड्यावर शेजारी शेजारी ठेवले. चारही ढिगाऱ्या सारख्याच भरल्या.

“मळ असता तर कमी होत गेला असता ना?” ती म्हणाली. विक्रेता हसला, पण या वेळी त्याने उत्तर दिले नाही.

तिने खोका उलटा केला. बॅच नंबर चिकटवलेला होता. परवाना क्रमांक नव्हता. पत्त्याच्या जागी फक्त ‘मुंबई’ आणि एक मोबाइल नंबर होता.

बाबांनी पक्के बिल मागितले. ते नंतर पाठवतो, असे विक्रेता म्हणाला. बराच वेळ विचार करून बाबा म्हणाले, “बारा नग जांगडीवर ठेव. खपले तर पैसे, नाही तर माल परत.” कस्तुरीने वही काढली, नगांची संख्या लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘बिल नाही. परवाना नंबर नाही. काचेलाही मळ निघतो.’ बाबांनी ते वाचले आणि वही मिटवून ठेवली.

अपर्णा_के

छान लिहिले आहे. पण क्रीमचे नाव दिलेले नाही. माझ्या मानेचा काळेपणा काही केल्या जात नाही आणि यात मनगटावर फरक दिसला असे वाटले. हे क्रीम दादरला कुठे मिळेल?

मृण्मयी_माहीम

अपर्णाताई, क्रीम काल्पनिक आहे आणि कथेत ते काहीच काढत नाही. जे पडते ते क्रीमच असते. बहुधा माझेच लिहिणे पुरेसे स्पष्ट झालेले नाही.

गल्लाधीश

माझे उभे आयुष्य क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सौंदर्यप्रसाधनांच्या घाऊक व्यापारात गेले, त्यामुळे मी दुकानाबद्दल बोलतो. बाबांचे वागणे अगदी खरे उतरले आहे. साबण आणि टूथपेस्टवर ज्याला दहा टक्क्यांच्या आसपास सुटते, त्याच्यासमोर कोणी निम्म्याहून अधिक नफा ठेवला तर त्याचे पहिले कर्तव्य घाबरणे हे असते, पण तो घाबरत नाही. नावाजलेल्या मालाला गिऱ्हाईक आपणहून येते, म्हणून कंपनी दुकानदाराला कमी देते. ज्या मालाची शिफारस दुकानदारालाच करावी लागते त्यावर जास्त सुटते. म्हणजे तो फरक हे शिफारशीचे मोल असते आणि पुढे बोलणी खाण्याची भरपाईही असते.

जांगडीचा तोडगाही बरोबर आहे. मात्र एक गोष्ट लेखिकेने सोडून दिली आहे. सौंदर्यप्रसाधने विकायला औषधांसारखा विक्री परवाना लागत नाही, म्हणूनच ती किराणा दुकानात येतात. पण परवान्याशिवाय बनवलेला माल विकणे हा विकणाऱ्याचाही गुन्हा होतो, आणि तपासणीस आला की पहिला प्रश्न माल कोणाकडून घेतला हाच असतो. तिथे पक्के बिल नसेल तर बाबांकडे दाखवायला मोबाइल नंबरापलीकडे काही राहत नाही. जांगडीने पैसे वाचतात, ही जबाबदारी टळत नाही. ‘नाही तर माल परत’ म्हणताना बाबांना हे ठाऊक असावे की नसावे, यावर त्यांचे पात्र ठरेल.

विनीत_प

अशा क्रीममध्ये पारा असतो आणि ते काळे कण पाऱ्यामुळेच पडतात. आमच्या आजीच्या काळापासून एक सोपी परीक्षा आहे : क्रीम सोन्याच्या अंगठीवर चोळावे, अंगठी पांढुरकी झाली तर पारा आहे, नाही तर क्रीम निर्धोक आहे. कस्तुरीने काचेऐवजी अंगठी वापरली असती तर कथा अधिक नेमकी झाली असती. शिवाय चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहेच, त्याखाली विक्रेत्याला सरळ अटक होऊ शकते.

रसायनवाला

मी तुर्भ्याला प्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि कथेत आहे त्या जातीची जेल स्वतः बनवली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या कणांचा पाऱ्याशी संबंध नाही. पाण्याला घट्ट करण्यासाठी कार्बोमर नावाचा पदार्थ वापरतात. त्याची चिमूटभर पूड वाटीभर पाणी धरून ठेवते. केसांच्या कंडिशनरमध्ये असतात तशा, उलट विद्युतभाराच्या पदार्थाशी किंवा मिठाशी त्याची गाठ पडली की ही पकड सुटते, पाणी बाजूला होते आणि उरलेला चोथा बोटाखाली वळून त्याच्या सुरळ्या होतात. काही ठिकाणी सेल्युलोजही घालतात, म्हणजे सुरळ्या अधिक ठसठशीत दिसतात. क्रीम पांढरे असेल तर सुरळ्या पांढऱ्या पडतात आणि त्यांना ‘मृत त्वचा’ म्हणून विकले जाते. कोळशाची पूड घातली की त्या काळ्या होतात आणि त्यांना ‘मळ’ म्हणता येते. कस्तुरीला कण रबरी लागले, हे निरीक्षण अचूक आहे.

काचेच्या परीक्षेला मात्र मर्यादा आहे. ज्या जेलमध्ये कंडिशनरचा पदार्थ आधीच घातलेला असतो ती काचेवरही वळते. जी मुख्यतः घामातल्या मिठावर अवलंबून असते, ती कोरड्या काचेवर नुसतीच पसरू शकते. म्हणून काचेवर सुरळ्या आल्या तर जाहिरात खोटी ठरते, पण आल्या नाहीत म्हणून ती खरी ठरत नाही. त्या मानाने त्याच मनगटावर चार वेळा लावण्याची परीक्षा जास्त भक्कम आहे. चारही वेळा निघालेला ढीग खरोखर त्वचेचा असता तर चौथ्या वेळेपर्यंत काकूंचे मनगट लाल होऊन चुरचुरले असते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरळीला चिकटून थोडी सुटलेली त्वचा जातेही. ओल्या पंचाने खसखसून पुसल्यावर जाते तितकीच.

विनीत, अंगठीबद्दलचे तुमचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. सोन्याला पांढरे करतो तो मोकळा, द्रवरूप पारा. क्रीममध्ये तो बहुधा क्षाराच्या रूपात असतो आणि अंगठीवर त्याचा परिणाम दिसेलच असे नाही. तेव्हा अंगठी तशीच राहिली म्हणून क्रीम निर्धोक मानणे धोक्याचे आहे. उलट एखाद्या डबीवर ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लावू नये’ अशी सूचना दिसली तर ती डबी तिथेच ठेवून द्यावी, कारण पाऱ्याच्या क्रीमवर अशी सूचना आढळते.

विनीत_प

अंगठीचे मान्य. पण कायद्याचे काय?

गल्लाधीश

१९५४ चा कायदा ठरावीक आजारांच्या यादीवर चालतो. वर्ण उजळ करण्याच्या दाव्याचा त्यात समावेश करावा असा मसुदा २०२० मध्ये आला होता, म्हणजेच तोवर तो यादीत नव्हता. फसव्या जाहिरातीसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अधिक उपयोगी आहे, त्यात उत्पादकाला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड करायला उत्पादक सापडावा लागतो, आणि इथे पत्ता ‘मुंबई’ एवढाच आहे. तेव्हा अटकेचे विसरा.

टीकाकार_गिरगाव

कथा म्हणून बोलतो. मुलगी फार हुशार आहे आणि विक्रेता फार लवकर गप्प होतो. ‘काचेवर धूळ असते’ हे त्याचे उत्तर कथेतले सर्वांत जिवंत वाक्य आहे, कारण तिथे मुलीला क्षणभर माघार घ्यावी लागते. चार ढिगाऱ्यांनंतरही त्याच्याकडे असेच उत्तर असायला हवे होते. हे लोक रोज वीस दुकाने फिरतात. ‘मळाचे थर असतात ताई, एकेक थर निघतो’ असे तो सहज म्हणाला असता, आणि साळवी काकूंना ते पटलेही असते. शेऱ्यातले ‘काचेलाही मळ निघतो’ हे वाक्य मला चमकदार वाटले. हिशेबाच्या वहीत दहावीची मुलगी असे लिहीत नाही. पहिली दोन वाक्ये पुरेशी होती.

मृण्मयी_माहीम

थरांचे उत्तर मी नक्की घेते, त्यामुळे रसायनवाला यांनी सांगितलेला चुरचुरण्याचा मुद्दाही काकूंच्या तोंडी देता येईल : “थर निघाले असते तर मला झोंबले नसते का?” म्हणजे शेवटचा घाव मुलीऐवजी काकू घालतील, आणि ज्यांना ओशाळवाणे केले त्यांनीच तो घालणे मला आवडेल. शेऱ्याबद्दल मात्र मी अडून राहणार आहे.

सौ_डोंबिवलीकर

कथा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. मला मिळालेले क्रीम असले नाटक करणारे नव्हते, ते खरोखर काम करत होते. शेजारच्या पार्लरमधून बिननावाच्या डबीत मिळायचे. आठवडाभरात चेहरा इतका उजळला की लोकलमध्ये नेहमीच्या डब्यातल्या बायकांनी विचारून विचारून त्याच डब्या घेतल्या. काही महिन्यांनी डबी संपली आणि नवी मिळायला उशीर झाला, तर चार दिवसांत गाल भाजल्यासारखे लाल झाले, बारीक पुरळ आले आणि हनुवटीवर लव दिसू लागली. पुन्हा लावले की शांत व्हायचे. कस्तुरीने हे क्रीम काचेवर चोळले असते तर तिला काय दिसले असते?

रसायनवाला

काहीच दिसले नसते, आणि कथेबद्दल माझी खरी अडचण हीच आहे.

तुम्ही सांगता ती लक्षणे स्टेरॉइड घातलेल्या क्रीमची आहेत. स्टेरॉइड त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसवते, त्यामुळे लावल्यावर काही तासांतच कातडी फिकी दिसू लागते. कोणते स्टेरॉइड किती तीव्र आहे हे मोजण्याची एक पद्धतच या फिकेपणावर आधारलेली आहे. पुढे रंगद्रव्यही कमी होते, आणि सोबत हायड्रोक्विनोन घातले असेल तर ते आणखी वेगाने होते. बंद केले की आक्रसलेल्या वाहिन्या फुलतात आणि चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा डबीकडे वळतो. यांतली तीव्र स्टेरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१८ मध्ये लावायच्या चौदा स्टेरॉइड्सना चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातले गेले. बिननावाच्या डबीला अर्थात यादी लागू करता येत नाही.

पाऱ्याची गोष्ट याहून वाईट आहे. तो रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच अडवतो, त्यामुळे उजळपणा येतो खरा, पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. अकोल्याच्या एका घरातली आई आणि दोन मुली एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना त्रास झाला. ते क्रीम परळच्या केईएम रुग्णालयात तपासले गेले तेव्हा त्यात पारा सापडला. ही बातमी २०२३ ची. आपल्या नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांमध्ये नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग इतकीच आहे, आणि त्या क्रीममध्ये तो हजारोंच्या घरात होता.

म्हणून मी म्हणेन की कस्तुरीने पकडले ते निरुपद्रवी सोंग आहे. काकूंचे फार तर तीनशे रुपये गेले असते. सात दिवसांत खरोखर उजळवणारे क्रीम काउंटरवर आले असते तर तिच्या सगळ्या परीक्षा त्याने लीलया पार केल्या असत्या.

सौ_डोंबिवलीकर

मग आता मी एकदम बंद करू का? घरात कोणाला सांगितलेले नाही.

रसायनवाला

हे मी सांगू नये, मी डॉक्टर नाही. काही जणींना ते हळूहळू कमी करावे लागते आणि कसे कमी करायचे ते त्वचा पाहूनच ठरते. शीव किंवा परळच्या पालिका रुग्णालयातल्या त्वचाविकार बाह्यरुग्ण विभागात डबी सोबत घेऊन जा. पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर तेही आवर्जून सांगा आणि थांबू नका.

अपर्णा_के

मी दादरचे विचारले होते ते मागे घेते. मानेचे डॉक्टरांना दाखवते.

गल्लाधीश

रसायनवाला यांच्याशी एका मुद्द्यावर मी सहमत नाही. काउंटरवर काहीच कळणार नाही, असे नाही. काच, अंगठी, खोका यांतून कळणार नाही हे मान्य. पण दुकानाकडे वही असते. साधे क्रीम घेणारी बाई ट्यूब संपली की कधी दोन महिन्यांनी येते, कधी येतही नाही, कधी दुसरेच नाव मागते. ज्या मालाचे गिऱ्हाईक संपण्याच्या आत येते, नाव बदलून चालत नाही म्हणते, आणि ‘संपले’ असे सांगितल्यावर तिचा चेहरा पडतो, तो माल वहीत लगेच उठून दिसतो. आमच्याकडे एका डबीची अशी उचल झाली होती. माझ्या वडिलांना वाटले, माल चांगला आहे.

टीकाकार_गिरगाव

मग हीच दुसरी कथा आहे, आणि ती पहिलीपेक्षा चांगली आहे. पण ती लिहायची तर बाबांना दोष द्यावा लागेल, कारण वाढती उचल त्यांना वहीत दिसेल आणि आवडेल. मृण्मयीताईंनी पहिल्या कथेत बाबांना जांगडीवर सोडवले आहे.

मृण्मयी_माहीम

सोडवलेले नाही. बारा नग अजून दुकानातच आहेत, आणि त्यांतले किती खपले हे मी लिहिलेले नाही.

दुसऱ्या कथेचा विचार कालपासून डोक्यात आहे, पण एक गोष्ट अडते. पहिल्या कथेत कस्तुरीला लगेच सिद्ध करता येते, म्हणून बाबा ऐकतात. वहीतली उचल पाहून तिने ‘हे क्रीम विकू नका’ म्हटले, तर तिच्याकडे पुरावा काय? गिऱ्हाईक खूश आहे, जाहिरातीत सांगितले तसेच घडते आहे, आणि चेहरा लाल होतो तो क्रीम संपल्यावर, म्हणजे दोष क्रीमवर न येता ते न मिळण्यावर येतो. गल्लाधीश, तुमच्या वडिलांना शेवटी कशामुळे पटले?

गल्लाधीश

त्यांना पटले नाही. पुरवठादाराने फोन उचलणे बंद केले, म्हणून डबी बंद झाली. त्यानंतर कितीतरी दिवस बायका विचारायला येत होत्या, आणि वडील त्यांना दुसरीकडे कुठे मिळेल ते सांगत होते.